एका हाताने फोर्झा: कुठलं सेटिंग कुठल्या थरावर बदलायचं

दोन वर्षांपूर्वी मोटरसायकलच्या अपघातात माझ्या मामेभावाच्या, दादाच्या, डाव्या हाताच्या नसा मानेजवळ तुटल्या. हात जागेवर आहे, पण खांद्यातून उचलत नाही आणि बोटं वळत नाहीत. उजवा हात ठणठणीत आहे. दादाला गाड्यांचं वेड लहानपणापासून, आणि खरी गाडी चालवणं बंद झाल्यावर ते वेड गेमवर आलं. एका रात्री त्याचा फोन आला. "अरे, एका हाताने खेळायचं काही सेटिंग असतं का? सगळे म्हणतात ॲक्सेसिबिलिटीत बघ. तिथे तर शंभर गोष्टी आहेत."

मी सांगलीला गेलो आणि पहिली संध्याकाळ वाया घालवली. बटणं बदलली तर गाडी चालायची, पण मेनू अडकायचा. मेनू सुधारला की ब्रेक नाहीसा व्हायचा. दुसऱ्या दिवशी डोक्यात प्रकाश पडला की आम्ही योग्य गोष्ट चुकीच्या जागी बदलत होतो. या लेखात मला मुख्यतः तेच सांगायचं आहे. काय बदलायचं हे बहुतेकांना कळतं. कुठे बदलायचं, तिथे घोळ होतो.

कंट्रोलरचं बटण दाबल्यापासून गाडीचा ब्रेक लागेपर्यंत ती सूचना तीन टप्प्यांतून जाते. मी त्यांना थर म्हणतो. सगळ्यात खाली सिस्टिमचा थर, म्हणजे विंडोज, एक्सबॉक्स किंवा प्लेस्टेशन. मधला थर म्हणजे स्टीम किंवा एक्सबॉक्स ॲक्सेसरीजसारखं ॲप, जे बटणाचं काम गेमपर्यंत पोचण्याआधी बदलतं. आणि वरचा थर म्हणजे गेमच्या आतली सेटिंग्ज.

यातला फक्त वरचा थर अर्थ जाणतो. "हा ब्रेक", "हा शत्रू", "हे पात्राचं बोलणं" हे केवळ गेमला ठाऊक असतं. मधल्या थराला कळतं ते एवढंच की `RB` नावाचं बटण दाबलं गेलं. आणि सिस्टिमचा रंग-फिल्टर बघतो ते पडद्यावरचे ठिपके, त्यात गाडी कुठली आणि झाड कुठलं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. त्यामुळे माझा क्रम ठरलेला आहे: आधी गेमच्या आत बघायचं, तिथे जमलं नाही तर मधल्या थरावर यायचं, आणि सिस्टिमला हात शेवटी लावायचा. बरेच जण नेमके उलटे जातात, कारण सिस्टिमचं सेटिंग सापडायला सोपं असतं.

आम्ही गेम घेतला तो फोर्झा होरायझन ५. तो २०२१ मध्ये पीसी आणि एक्सबॉक्सवर आला, २०२५ मध्ये प्लेस्टेशन ५ वरही आला. तिन्हीकडे मिळतो म्हणून समजावायला सोयीचा, आणि आतली सेटिंग्ज मन लावून केलेली आहेत.

नेहमीच्या मांडणीत हा गेम दोन्ही हात मागतो. डाव्या स्टिकने स्टिअरिंग, उजव्या ट्रिगरने, म्हणजे `RT` ने, गॅस आणि डाव्या ट्रिगरने, `LT` ने, ब्रेक. दादाकडे उजवा हात होता. म्हणजे स्टिअरिंग उजव्या स्टिकवर आणायचं, गॅस होता तिथेच ठेवायचा आणि ब्रेक उजव्या बाजूला कुठेतरी बसवायचा. `RT` च्या अगदी वर `RB` असतं. मधलं बोट `RT` वर, तर्जनी `RB` वर आणि अंगठा स्टिकवर, असा हात बसतो. तर्जनी आणि मधलं बोट वेगळं चालवणं पहिल्या दिवशी जड गेलं, पण शर्यतीत गॅस सोडल्यावरच ब्रेक मारायचा असतो, त्यामुळे एकच बोट खालीवर नेलं तरी भागतं.

पहिल्या संध्याकाळी मी ही सगळी अदलाबदल स्टीममध्ये केली. `RB` दाबलं की गेमला `LT` दाबल्याचं कळावं, असं लावलं. गाडी छान थांबली. मग शर्यत संपली, दादाला मेनूत उजवीकडच्या पानावर जायचं होतं, आणि ते `RB` ने जातं. पण `RB` आता जगातच नव्हतं. गेमच्या दृष्टीने दादाच्या कंट्रोलरला ते बटणच उरलं नव्हतं, कारण मधल्या थराने ते गेमपर्यंत पोचण्याआधीच दुसऱ्या नावाने पाठवलं होतं.

दुसऱ्या दिवशी ब्रेक गेमच्या आत हलवला. सेटिंग्जमधल्या कंट्रोलच्या पानावर स्वतःची मांडणी करता येते. तिथे ब्रेकला `RB` दिलं. त्या बटणावर आधी जे काम होतं ते दुसरीकडे हलवलं. गेमच्या आतली ही अदलाबदल गाडी चालवतानाच लागू होते आणि मेनूत `RB` हे `RB` च राहतं. एकच बटण दोन जागी दोन कामं करतं, कारण गाडी कधी चालू आहे आणि मेनू कधी उघडा आहे हे गेमला कळतं.

स्टिकचं मात्र उलटं आहे. स्टिअरिंगसाठीही उजवी स्टिक हवी आणि मेनूत खालीवर जायलाही उजवीच हवी. म्हणजे बदल सगळीकडे सारखा हवा, आणि सगळीकडे सारखा बदल करायची योग्य जागा मधला थर. स्टीममध्ये गेमच्या पानावर कंट्रोलरचं चिन्ह असतं. ते दाबून `Edit Layout` मध्ये गेलं की प्रत्येक स्टिकचं वर्तन निवडता येतं. उजव्या स्टिकच्या सेटिंगमध्ये जाऊन तिने डाव्या स्टिकचं काम करावं असं लावलं, आणि डाव्या स्टिकला काहीच काम ठेवलं नाही.

डावी स्टिक रिकामी का ठेवली, तर कंट्रोलर धरायला डावा हात नव्हता. कंट्रोलरची डावी मूठ मांडीवर टेकवून दादा खेळायचा, आणि शर्टाची कड स्टिकला लागून गाडी आपोआप डावीकडे ओढली जायची. आदल्या दिवशी याहून चक्रावणारी गोष्ट झाली होती. गाडी एका वेगाच्या पुढे जाईचना. मला वाटलं ट्रिगर खराब आहे. मग लक्षात आलं की मूठ मांडीवर दाबली जाताना खालचा `LT` अर्धवट दाबला जातोय आणि गाडी गॅस व ब्रेक दोन्ही एकदम लावून चाललीय. ब्रेक गेमच्या आत `RB` वर नेल्यावर `LT` रिकामं झालं आणि तो त्रास आपसूक गेला. गाडी विनाकारण मंद वाटली तर आधी हे बघा: कंट्रोलर टेबलावर सपाट ठेवून फक्त गॅस दाबा. वेग नीट वाढला, तर दोष धरण्यात आहे. नंतर आम्ही भांड्यांच्या दुकानातून कपाटात अंथरायचं रबरी, न घसरणारं जाळीदार कापड आणलं आणि मांडीवर एक पाट घेऊन त्यावर ते टाकलं. कंट्रोलर जागचा हलत नाही, आणि सगळ्या सेटिंग्जइतकाच या कापडाने फरक पडला.

मेनूत एक अडचण उरली होती. डावीकडच्या पानावर जायला `LB` लागतं आणि ते उजव्या अंगठ्याला पोचत नाही. उजवी स्टिक खाली दाबली की `LB` असं स्टीममध्ये लावलं. नकाशाचं बटण कंट्रोलरच्या डाव्या अर्ध्यात येतं, म्हणून उजवीकडचं मेनूचं बटण जास्त वेळ दाबून धरलं की नकाशा उघडावा अशी सोय केली. स्टीममध्ये एकाच बटणाला साधं दाबणं, दोनदा दाबणं आणि लांब दाबणं अशी वेगवेगळी कामं देता येतात. एका हाताने खेळणाऱ्याला याचा मोठा उपयोग, कारण हाताशी असलेली बटणं मोजकीच असतात.

ब्रेकबद्दल एक गोष्ट आधीच समजून घ्यायला हवी. ट्रिगर हळूहळू दाबता येतो: थोडा दाबला तर थोडा ब्रेक, पूर्ण दाबला तर पूर्ण. `RB` हे साधं बटण आहे. ते एकतर दाबलेलं असतं किंवा नसतं. म्हणजे दादाचा प्रत्येक ब्रेक शंभर टक्के लागतो, आणि पूर्ण ब्रेकने चाकं जाम होऊन गाडी सरळ घसरते. यावरचा उपाय गेमच्या अवघडपणाच्या पानावर आहे. तिथे एबीएस चालू ठेवलं की चाकं जाम होत नाहीत आणि वळणातही स्टिअरिंग ऐकतं. बटण दोनतीनदा टिचकीसारखं दाबून अर्धा ब्रेक मारायची सवय दादाला आठवड्याभरात लागली. स्टिअरिंगसाठी स्वयंचलित मदत आहे, गिअर आपोआप पडतात, आणि एकट्याने ऑफलाइन खेळताना अख्ख्या गेमचा वेगच कमी करता येतो. दादाने पहिले चार दिवस वेग कमी ठेवला आणि मग काढून टाकला.

हँडब्रेक मात्र आम्ही सोडून दिला. तो `A` वर असतो, आणि अंगठा स्टिअरिंगवर गुंतलेला असताना `A` दाबायला मोकळा नसतो. मागच्या बाजूला जादा पट्ट्या असलेला कंट्रोलर घेतला तर अनामिकेने हँडब्रेक लावता येईल. साध्या कंट्रोलरवर याला उत्तर नाही, आणि घसरत वळण घ्यायच्या शर्यती दादा खेळत नाही.

स्टीममध्ये सगळं लावूनही काही घडलं नाही, किंवा एकाच बटणाने दोन कामं होऊ लागली, तर गेमच्या `Properties` मध्ये जाऊन `Controller` खाली `Enable Steam Input` निवडलंय का ते बघा. आणि गेम स्टीमवरून घेतलेला नसून एक्सबॉक्सच्या ॲपमधून घेतला असेल तर स्टीमच्या मांडणीचा उपयोग होत नाही. तेव्हा विंडोजवर `Xbox Accessories` हे ॲप घ्यावं. त्यात स्टिकची अदलाबदल आणि बटणांची नेमणूक होते, पण लांब दाबणं, दोनदा दाबणं असं बारीक काम स्टीममध्येच जमतं.

पीसीवर कीबोर्डने खेळणाऱ्यांसाठी एक सूचना. विंडोजमध्ये शिफ्ट पाच वेळा दाबलं की `Sticky Keys` चा प्रश्न पडद्यावर येतो. टायपिंगसाठी ही सोय उत्तम आहे: शिफ्ट किंवा कंट्रोल एकदा दाबून सोडलं की पुढच्या बटणापर्यंत ते दाबलेलंच धरलं जातं. पण बरेच गेम कीबोर्ड थेट वाचतात आणि ही सोय त्यांच्यापर्यंत पोचत नाही, त्यामुळे धावण्यासाठी शिफ्ट धरून ठेवायला तिच्यावर भरवसा ठेवू नका. गेमच्या आत "धरून ठेवा" ऐवजी "एकदा दाबा" असा पर्याय शोधा, त्यावर बहुधा `Toggle` लिहिलेलं असतं. प्रश्नाची खिडकी ऐन खेळात येऊ नये म्हणून `Settings > Accessibility > Keyboard` मध्ये जाऊन तो शॉर्टकट बंद करता येतो.

कन्सोलवर मधला थर बारीक असतो. एक्सबॉक्सवर तेच `Xbox Accessories` ॲप आहे. त्यात स्टिक बदलायची आणि ब्रेक गेमच्या आत हलवायचा, म्हणजे दादाची मांडणी जवळपास तशीच उभी राहते. याशिवाय एक्सबॉक्सवर दोन कंट्रोलर मिळून एकच खेळाडू होता येतं. ही सोय २०१७ मध्ये कोपायलट या नावाने आली, आता तिला `Controller assist` म्हणतात. दादाच्या मित्राकडे एक्सबॉक्स आहे. तिथे वहिनी दुसरा कंट्रोलर घेऊन नुसता हँडब्रेक सांभाळते, आणि मग घसरणारी वळणंही जमतात. दुसऱ्या कंट्रोलरला माणूसच लागतो असंही नाही. तो जमिनीवर ठेवून पायाच्या अंगठ्याने एखादं मोठं बटण दाबणारे लोक आहेत.

प्लेस्टेशन ५ वर `Settings > Accessibility > Controllers` मध्ये बटणांची नेमणूक बदलता येते. पण हा सिस्टिमचा थर आहे हे लक्षात ठेवा. इथे केलेली अदलाबदल सगळ्या गेममध्ये आणि मेनूतही लागू होते. म्हणून इथे कमीत कमी बदला आणि ब्रेकसारखी गोष्ट गेमच्या आतच हलवा. `R1` वर ब्रेक, `R2` वर गॅस, हिशोब तोच. २०२३ पासून प्लेस्टेशन ५ वरही दुसरा कंट्रोलर मदतीला जोडता येतो.

खास बनवलेली साधनंही आहेत. एक्सबॉक्सचा ॲडॅप्टिव्ह कंट्रोलर २०१८ मध्ये आला. त्यावर दोन मोठी बटणं असतात आणि मागे ३.५ मिलिमीटरची १९ भोकं, म्हणजे हेडफोनच्या पिनेची. त्यांत बाहेरची बटणं, पायाने दाबायचं पेडल, काहीही जोडता येतं. प्लेस्टेशनचा ॲक्सेस कंट्रोलर डिसेंबर २०२३ चा. तो गोल असतो, टेबलावर सपाट बसतो, कुठल्याही बाजूला फिरवून ठेवता येतो, आणि त्याच्या प्रत्येक बटणाला "एकदा दाबलं की दाबलेलंच राहील" असं करता येतं. माझं मत असं की आधी हातात असलेल्या साध्या कंट्रोलरवर महिनाभर खेळावं. नेमकं कुठलं बटण पोचत नाही हे एकदा कळलं की एखादं पेडल पुरतं की पूर्ण साधन लागतं, ते ठरवता येतं.

रंगांचं प्रकरण दादाच्या मित्रामुळे निघालं. एके दिवशी तो खेळायला बसला आणि वळणांवर सारखा बाहेर जाऊ लागला. या गेममध्ये रस्त्यावर एक मार्गदर्शक रेषा दिसते, आणि वेग जास्त झाला की ती लाल होते. त्याला ती लाल झालेली कळतच नव्हती. त्याला लाल-हिरव्याचा फरक कमी दिसतो, हे त्यालाही लहानपणच्या ठिपक्यांच्या आकड्यांवरून ठाऊक होतं.

आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या असतात. लाल बाजूला झुकलेल्या आणि हिरव्या बाजूला झुकलेल्या पेशींचा प्रतिसाद मुळातच एकमेकांच्या जवळचा असतो, आणि त्यातली एक कमकुवत असली की दोघींमधला फरक पुसट होतो. हिरवी कमकुवत तो प्रकार ड्युटेरानोपियाच्या गटातला, लाल कमकुवत तो प्रोटानोपियाच्या, आणि निळ्या-पिवळ्याचा गोंधळ होतो तो ट्रायटानोपियाचा, हा तिसरा दुर्मीळ. पहिल्या दोघांतला फरक घरच्या घरी ओळखायची एक खूण आहे: प्रोटानोपियाच्या गटातल्या माणसाला लाल रंग काळपट, विझलेला दिसतो. काळ्या कागदावरची लाल अक्षरं त्याला वाचायला अवघड जातात. ही खूण फिल्टर निवडण्यापुरती आहे, निदान डोळ्यांच्या डॉक्टरांकडूनच करून घ्यावं.

फिल्टर नवा रंग दाखवत नाही, डोळ्यात नाही ते देणं त्याला शक्य नाही. लाल-हिरव्यात जो फरक हरवतो तो उचलून निळ्या-पिवळ्यात किंवा उजेडात टाकायचा, एवढंच तो करतो. म्हणून फिल्टर लावल्यावर बाकीच्यांना चित्र विचित्र दिसतं, आणि ते तसंच दिसायला हवं. एक फसगत मात्र होते. काही जागी "कलरब्लाइंड" नावाखाली सुधारणारा फिल्टर नसून नक्कल करणारा असतो, म्हणजे रंग न दिसणाऱ्याला जग कसं दिसतं ते इतरांना दाखवणारा. ओळखायची रीत सोपी आहे. फिल्टर चालू-बंद करून बघा. तुम्हाला काहीच फरक दिसला नाही आणि शेजारी बसलेला म्हणाला की लाल-हिरवं एकसारखं झालं, तर तो नक्कल करणारा आहे. तो बंद करा.

विंडोजमध्ये हा फिल्टर `Settings > Accessibility > Color filters` मध्ये आहे. तिथेच शॉर्टकट चालू केला की `Win+Ctrl+C` ने खेळता खेळता चालू-बंद करता येतो. एक्सबॉक्स सीरिज एक्स आणि एसवर, तसंच प्लेस्टेशन ५ वर, तो ॲक्सेसिबिलिटीच्या पानावरच सापडतो. पण हा सिस्टिमचा थर. तो आकाश, गवत, चेहरे, सगळंच बदलतो. व्हॅलोरंटमध्ये गेमच्या आत फक्त शत्रूभोवतीच्या कडेचा रंग लालऐवजी पिवळा किंवा जांभळा करता येतो, बाकी जग जसंच्या तसं राहतं. मिळत असेल तर असाच बदल घ्यावा. आणि गेमचा कलरब्लाइंड पर्याय चालू केला असेल तर सिस्टिमचा फिल्टर बंद ठेवा. दोन्ही एकदम लावले तर गेमने आधीच हलवलेला रंग सिस्टिम पुन्हा हलवते, आणि मूळचा गोंधळ वेगळ्या रंगात परत येतो.

मित्रासाठी आम्ही गेममधला रंगाचा पर्याय लावून बघितला, थोडा फरक पडला. पण खरं काम दुसऱ्याच सेटिंगने केलं. मार्गदर्शक रेषेला `Braking Only` असा पर्याय आहे. तो लावला की रेषा एरवी दिसतच नाही, ब्रेकची जागा आली की उमटते. मग तिचा रंग कुठला हा प्रश्नच राहत नाही. रेषा दिसली की ब्रेक मारायचा. रंगाने सांगितलेली गोष्ट असण्या-नसण्याने, आकाराने किंवा आवाजाने सांगता येते का, हे कुठल्याही गेममध्ये फिल्टरच्या आधी शोधावं.

सबटायटल्सचा प्रश्न आला तो संगणकावरून टीव्हीवर आल्यावर. दादाच्या खोलीत २४ इंची मॉनिटर आहे, डोळ्यांपासून साधारण ६० सेंटिमीटरवर. बाहेरच्या खोलीत ४३ इंची टीव्ही, दिवाणापासून आठ फुटांवर. टीव्ही मोठा म्हणून अक्षरं मोठी वाटतील अशी त्याची समजूत. हिशोब करून बघू. मॉनिटरच्या पडद्याची उंची ३० सेंटिमीटर आणि त्यात १०८० ओळी, म्हणजे १८ पिक्सेलचं अक्षर अर्धा सेंटिमीटर उंच. टीव्हीची उंची साडेत्रेपन्न सेंटिमीटर, म्हणजे तेच अक्षर तिथे जवळपास ०.९ सेंटिमीटर. उंची पावणेदोन पटीहून थोडी वाढली, पण अंतर चौपट झालं. डोळ्याला ते अक्षर निम्म्याहून लहान दिसणार.

मायक्रोसॉफ्टच्या गेम बनवणाऱ्यांसाठीच्या मार्गदर्शक सूचनांत १०८० ओळींच्या पडद्यावर पीसीसाठी किमान १८ पिक्सेल आणि कन्सोलसाठी किमान २६ पिक्सेल अशी अक्षराची उंची दिली आहे, ती याच कारणाने. आणि वरच्या हिशोबाने दादाच्या टीव्हीवर २६ पिक्सेलही कमीच पडतात. मॉनिटरइतकं वाचता यायला त्याला चाळीसच्या आसपास हवेत. तुमच्याकडे किती आहेत ते मोजायचं असेल तर सबटायटल दिसत असताना स्क्रीनशॉट घ्या, पेंटमध्ये उघडा, आणि खाली दांडी असलेल्या व वर उंच गेलेल्या अक्षरांचं माप एकत्र घ्या, उदाहरणार्थ `p` च्या तळापासून `d` च्या माथ्यापर्यंत. स्क्रीनशॉट फोर-के असेल तर आलेला आकडा निम्मा करा.

इथेही चुकीच्या थरावर जायचा मोह होतो. एक्सबॉक्स आणि प्लेस्टेशन ५, दोन्हींच्या ॲक्सेसिबिलिटीत क्लोज्ड कॅप्शनचं पान आहे, त्यात अक्षराचा आकार, रंग, पार्श्वभूमी सगळं मिळतं. लोक ते मनासारखं लावतात आणि गेममध्ये काहीच बदलत नाही. ते पान व्हिडिओसाठी आहे. गेमची सबटायटल्स गेम स्वतः रंगवतो, त्यामुळे ती गेमच्या आतच बदलावी लागतात. विंडोजमधल्या `Text size` चंही तसंच, तो २२५ टक्क्यांपर्यंत नेला तरी गेमच्या अक्षराला धक्का लागत नाही.

फोर्झात सबटायटलचा आकार आणि मागच्या पट्टीचा गडदपणा, दोन्ही बदलता येतात. पट्टी पूर्ण गडद करायला लोक कचरतात, चित्र झाकलं जातं म्हणून. मी ती गडद ठेवायलाच सांगेन. या गेममध्ये ऊन, धूळ आणि पांढरे रस्ते खूप, त्यावर पांढरं अक्षर विरघळून जातं. शिवाय सबटायटल्स इंग्रजीत असतात, आणि मराठीत विचार करणाऱ्या माणसाला ती वाचायला क्षणभर जास्त लागतो. गाडी चालू असताना तो क्षण महाग पडतो. ज्या गेममध्ये अनेक पात्रं बोलतात तिथे बोलणाऱ्याचं नाव दाखवायचा पर्यायही चालू ठेवावा.

गेमच्या आत आकार बदलायची सोयच नसेल तर मग सिस्टिमकडे यायचं. विंडोज ११ मध्ये `Win+Ctrl+L` ने लाइव्ह कॅप्शन सुरू होतात. संगणकातून जो आवाज येतो तो ऐकून विंडोज स्वतः अक्षरं लिहितं, तीही हव्या त्या आकारात. इंग्रजी संवाद बऱ्यापैकी उतरतात, पात्रांची आणि गावांची नावं चुकतात, आणि पार्श्वसंगीत मोठं असेल तर शब्द गळतात. म्हणून आधी गेममधलं संगीत कमी करून संवादाचा आवाज वाढवा. गेम पूर्ण पडदा स्वतःकडे घेत असेल तर ही पट्टी त्याच्याखाली जाते. तेव्हा गेमच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये `Borderless` निवडलं की पट्टी वर दिसते.

दादाच्या टीव्हीवर आकार सगळ्यात मोठा केल्यावरही खालची ओळ अर्धी कापलेली दिसत होती. मी पुन्हा गेमची सेटिंग्ज धुंडाळली, आणि दोष टीव्हीत निघाला. बरेच टीव्ही चित्र थोडं ताणून कडा बाहेर टाकतात, आणि सबटायटल नेमकं त्या कडेलाच असतं. टीव्हीच्या रिमोटवर चित्राच्या आकाराचा पर्याय असतो, त्यावर `Screen Fit` किंवा `Just Scan` असं काहीतरी लिहिलेलं असतं. तो निवडल्यावर पूर्ण ओळ दिसली. दिवाण वहिनीने दोन फूट पुढे ओढला. दादाने पाट मांडीवर घेतला, मेनूचं बटण लांब दाबून नकाशा उघडला आणि नवी शर्यत निवडली.